ड्रायव्हिंग स्कूलसाठी जुनी गाडी घेताना

तालुक्याच्या गावी ड्रायव्हिंग स्कूल काढणारा बहुधा एकाच गाडीवर सुरुवात करतो आणि ती जुनीच असते. अशी गाडी पाहताना पहिला प्रश्न असतो तो, ती किती किलोमीटर चालली. शिकवणीच्या गाडीसाठी मात्र हा निकष फसवा आहे. तिथे पाहावा लागतो तो क्लच.

समजा, शिरूरमधील एका स्कूलमध्ये रोज आठ विद्यार्थी येतात आणि प्रत्येक जण अर्ध्या तासात पंचवीस वेळा गाडी थांबवून पुन्हा उचलतो. दिवसाला २०० वेळा, म्हणजे पंचवीस दिवसांत ५,००० वेळा क्लच घासला जातो. त्यातच गळीत हंगामात दौंडच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगू लागली, की नवशिक्याचा पाय क्लचवरून निघत नाही. किलोमीटर थोडे, झीज मात्र भरपूर!

म्हणून गाडी हलकी, पेट्रोलवरची आणि केबलने चालणाऱ्या क्लचची असावी. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि तिच्या शेवटच्या गाड्यांचीही पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे. त्यामुळे २०१२ ते २०२३ या काळातील अल्टो ८०० अधिक सोयीची. डिझेल गाडीचा क्लच संच तुलनेने महाग पडतो. खरे कष्ट गिअरबॉक्स उतरवण्याचे असल्याने प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे. केवळ प्लेट बदलण्यातली बचत पुढच्या मजुरीत जाते. त्याच वेळी इंजिनाचे मागचे ऑइल सील पाहावे. ते गळत असेल तर नवी प्लेटही तेलाने घसरते.

खरेदीपूर्वी सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच धरतो आहे. फिरतच राहिले तर प्लेट संपत आली आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी. पेडल दाबताच घरघर ऐकू आली तर बेअरिंग गेले समजावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम २४ नुसार दुचाकी वगळता शिकवणीच्या गाडीला दुहेरी नियंत्रण आवश्यक आहे. प्रशिक्षकाकडील क्लच आणि ब्रेक सळ्यांनी किंवा केबलने मूळ पेडलांना जोडतात. ही जोडणी जास्त ताणली, तर क्लच सदैव किंचित दाबलेला राहतो आणि प्लेट अकाली जाते. विद्यार्थ्याचे पेडल हाताने दाबून पाहावे. सुरुवातीचा थोडा भाग सैल लागला पाहिजे आणि सोडताच पेडल पूर्ण वर आले पाहिजे. प्रशिक्षकाचा ब्रेक दाबल्यावर मूळ पेडलही तितकेच खाली जाते का, हे दुसऱ्याला बसवून तपासावे.

बंद पडलेल्या स्कूलची गाडी दुहेरी नियंत्रणासह स्वस्तात मिळते, पण माझे मत तिच्या विरोधात आहे. घरगुती वापरातली गाडी घेऊन जोडणी नव्याने करावी. तरीही तशी गाडी घ्यायचीच असेल, तर क्लच संचाची किंमत आणि मजुरी सौद्यातून वजा करूनच बोली लावावी.