नाकामागची गाठ आणि न ऐकणारा मुलगा

शिरगावच्या किल्ल्यापासून जवळच माझ्या पुतण्याचे घर आहे. तिथे मुक्कामाला गेलो, त्या रात्री त्याच्या साडेपाच वर्षांच्या मुलाच्या घोरण्याने मला जाग आली. आजी म्हणाली, "अहो, आजोबांवर गेलाय. ते असेच घोरायचे." दुसऱ्या दिवशी सून शाळेतल्या बाईंची तक्रार सांगत होती : मुलगा चुळबुळ्या आहे, हाक मारली तरी ऐकत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे घरात कोणाच्याच मनात आले नव्हते. मुलगा मात्र दिवसाही तोंड उघडे ठेवून वावरत होता.

हा संबंध प्रथम नीट दाखवला तो कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी, १८६८ साली. ऐकू कमी येणाऱ्या आणि बोंदऱ्या आवाजात बोलणाऱ्या एका तरुण मुलीच्या टाळूमागे त्यांनी बोट घालून चाचपले, तेव्हा मऊ मांसल वाढ हाताला लागली. तक्रार कानाची आणि कारण नाकामागे, असा तो शोध होता.

ही वाढ म्हणजे ॲडेनॉइड. टॉन्सिल्सचेच हे भावंड. पण नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर दडलेले असल्याने 'आ' करून दिसत नाही. ते प्रत्येक मुलाला असते, साधारण तीन ते सात वर्षांच्या काळात सर्वांत ठळक असते आणि वयात येताना आक्रसते. अडचण एवढीच, की त्या वयात नाकामागची जागाही लहान असते. वारंवार सर्दी झाली की गाठ सुजते आणि वाट बुजते.

याच जागेच्या दोन्ही बाजूंना कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची तोंडे आहेत. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ही नळी क्षणभर उघडते आणि पडद्यामागे ताजी हवा जाते. गाठीमुळे किंवा तिच्यातल्या जंतुसंसर्गाने नळीचे काम बिघडले, की आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी साचते, पुढे ते डिंकासारखे घट्टही होते. कान दुखत नाही, वाहत नाही. म्हणून कोणी पाहत नाही.

पालघरला तपासणी केली तेव्हा दोन्ही कानांत ३० डेसिबलच्या आसपास घट निघाली. पडद्याची हालचाल मोजणाऱ्या आलेखात डोंगरासारखे टोक यायला हवे, तिथे सपाट रेघ होती. ३० डेसिबल म्हणजे बहिरेपण नव्हे. समोर बसून बोललेले कळते. मागच्या बाकावर, पोरांच्या गलक्यात 'सात' म्हटले की 'हात' हे ठरवता येत नाही. सर्दी उतरली की ऐकू येणे सुधारते, आणि मग घरचे म्हणतात, "हवं तेव्हा बरं ऐकू येतं!"

झोपेचे गणित वेगळे आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. नाक बंद, म्हणून तोंड उघडते; खालचा जबडा आणि जीभ मागे सरकतात आणि घसा आणखी अरुंद होतो. घोरणे हा त्या अरुंद वाटेचा आवाज. त्याहून महत्त्वाची असते ती शांतता. मी दुसऱ्या रात्री पाहत बसलो, तेव्हा छाती-पोट हलत होते, पण काही सेकंद श्वासाचा आवाजच नव्हता. मग एक हिसका, कूस पालटणे, पुन्हा घोरणे. असे दर वेळी मेंदू अर्धवट जागा होतो. मोठा माणूस अशा झोपेनंतर दिवसा पेंगतो, लहान मूल उलट सैरभैर होते. पुतण्याने मोबाइलवर घेतलेले ते चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडले.

तोंडाने श्वास घेणारे प्रत्येक मूल ॲडेनॉइडचेच नसते. ॲलर्जीने नाकाच्या आतली त्वचा सुजते, तेव्हाही हेच दिसते; त्यात शिंका आणि नाकाची खाज जास्त असते. बाजूने काढलेल्या एक्स-रेत गाठ दिसते, पण मूल रडत किंवा गिळत असेल तर टाळू वर उचलला जातो आणि वाट आहे त्याहून अरुंद भासते. आमच्या मुलाचा पहिला एक्स-रे असाच रडारडीतला. शेवटी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा वाट जवळजवळ बुजलेली होती.

लगेच शस्त्रक्रिया केली नाही. कानातले पाणी पुष्कळदा आपोआप ओसरते, म्हणून तीन महिने थांबायचे आणि तोवर स्टिरॉइडचा नाकातला फवारा मारायचा, असे ठरले. फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे नव्हे, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवे. घरात पहिले काही दिवस ते उलटेच चालले होते, रक्ताचा थेंब दिसला तेव्हा कळले. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवले. त्याने अभ्यासात फरक पडला, कानांत नाही. तीन महिन्यांनी रेघ सपाटच होती आणि श्वास थांबणेही चालू होते. मग भूल देऊन तोंडावाटे गाठ काढली, कानांतले पाणी ओढून पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या.

चौथ्या दिवशी तो मिक्सरच्या आवाजाने कान झाकून स्वयंपाकघरातून पळाला. पहिल्या शांत रात्री आजीने दोनदा उठून त्याच्या नाकाखाली बोट धरले. धुळीची सर्दी त्याला अजून होते, आणि क्वचित गाठ पुन्हा वाढू शकते हेही डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. कानातल्या नळ्या साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडतात. तोवर समुद्रावर जायचे, पण बुडी मारायची नाही, एवढ्या अटीवरून घरात रोज भांडण आहे.