मिशरी आणि बाळाचं वजन : सुरुवात सवयीपासून की बाळापासून?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा करून झाले आणि विषय निघाला एका बाळाचा. गटातल्या एका ताईंच्या सुनेला बाळ झालं, ते 2 किलो 100 ग्रॅमचं. आशाताई म्हणाल्या, "पोर मिशरी लावत होती ना, म्हणून." त्यावर कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "मी जन्मभर मिशरी लावते. माझी पाचही पोरं ठणठणीत झाली."

दोघींनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलं. पण एका बाळावरून काही ठरत नाही, आणि पाचांवरूनही नाही. म्हणून आमच्या दोन उपकेंद्रांच्या गावांत हे मोजून बघायचं ठरलं. तिथे वर्षाला साधारण 150 बाळंतपणं होतात. मदतीला आलेल्या डॉक्टरताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुरुवात कुठून करणार? मिशरीपासून की बाळापासून?"

मैत्रिणींनो, अभ्यासाच्या या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत गरोदर बाईचं नाव नोंदवलं की तेव्हाच विचारायचं, मिशरी लावता का. मग मिशरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या अशा दोघींच्या मागोमाग बाळंतपणापर्यंत जायचं आणि बाळाचं वजन लिहायचं. याला कोहॉर्ट अभ्यास म्हणतात. दुसऱ्या वाटेत उलटं चालायचं. नोंदवहीतून अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं निवडायची, त्यांच्या जोडीला चांगल्या वजनाची बाळं निवडायची, आणि दोन्हीकडच्या आयांना विचारायचं, गरोदरपणी मिशरी लावत होता का. हा केस-कंट्रोल अभ्यास.

आम्हाला आधी दुसरी वाटच सोपी वाटली. वही तयार आहे, आठ-पंधरा दिवसांत काम उरकेल, खर्चही कमी. काही प्रश्नांना तीच वाट बरोबर असते. समजा आम्हाला तोंडाच्या कॅन्सरबद्दल विचारायचं असतं. तो आजार व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि एका गावात वर्षाला एखादी बाई निघाली तर निघाली. तिथे वाट बघत बसलो तर आमचे केस पांढरे होतील. 1950 साली लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी हीच वाट धरली. त्या कॅन्सरच्या 649 पुरुष रुग्णांमध्ये कधीच धूम्रपान न केलेले फक्त 2 निघाले. दुसऱ्या आजारांच्या तेवढ्याच रुग्णांमध्ये मात्र असे 27 होते.

पण आमचा प्रश्न वेगळा आहे. कमी वजनाचं बाळ ही आपल्याकडे क्वचित घडणारी गोष्ट नाही, आणि उत्तरासाठी वीस वर्षं थांबावं लागत नाही. काही महिन्यांत बाळ तराजूवर येतं. म्हणजे मागे वळून जाण्याची जी दोन मोठी कारणं असतात, ती इथे नाहीतच.

उलट मागे वळून विचारण्यात एक खोट आहे. जिचं बाळ बारीक झालं, ती आधीच मनात कुढत असते. घरात बोलणी खाल्लेली असतात. ती एक तर "मी मिशरीला हातही लावला नाही" म्हणेल, नाहीतर कधीतरी लावलेली एक चिमूटही आठवून सांगेल. जिचं बाळ गुटगुटीत आहे, ती इतकं आठवायला जाणार नाही. मग दोघींच्या उत्तरांतला फरक मिशरीचा की आठवणीचा, हे कळायचं कसं? जुन्या वहीत मिशरीचा रकानाच नाही, त्यामुळे पडताळाही घेता येत नाही. बाळ जन्मायच्या आधीच विचारलं तर हा घोटाळा होत नाही, कारण तेव्हा वजन कुणालाच माहीत नसतं.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. समजा 150 बायकांपैकी 50 मिशरी लावणाऱ्या आहेत आणि त्यांच्यात 15 बाळं कमी वजनाची झाली. उरलेल्या 100 जणींत 18 झाली. म्हणजे शंभरात 30 आणि शंभरात 18. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, पण असं उत्तर आपण घरोघरी सांगू शकतो. मागे वळून बघताना हे सांगता येत नाही. तिथे दर बारीक बाळामागे दोन चांगल्या वजनाची बाळं आपणच निवडतो. मग तिनात एक बाळ बारीक, हे गावाचं खरं चित्र नसतं, ती आपली निवड असते. तिथे एवढंच दिसतं की बारीक बाळांच्या आयांत मिशरीवाल्या जास्त आहेत का.

म्हणून आम्ही पहिली वाट धरली. मुंबईत ती आधी चालून झाली आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1217 गरोदर बायकांची नोंद करून पुढे पाठपुरावा केला होता. मिशरीसारखी, न ओढता वापरली जाणारी तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं बाकी फरक जमेस धरूनही सरासरी 105 ग्रॅमनी हलकी भरली.

आता अडचणी. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ही नावं गळाली तर नुसता आकडा कमी होत नाही, उत्तरच वाकडं होतं. कारण उसाच्या फडावर राबणारीतच मिशरीही जास्त असू शकते आणि बारीक बाळही. म्हणून नोंदणीच्या दिवशीच माहेरचा आणि मुकादमाचा फोन नंबर लिहायचा, आणि बाळ झालं की माता-बाल कार्डावरचं वजन फोनवर विचारून घ्यायचं. शेवटी किती जणी गळाल्या आणि त्यांतल्या किती मिशरीवाल्या, हेही मांडायचं.

वजनाचीही एक गंमत आहे. वही चाळताना बरोबर 2.5 किलोची बाळं ओळीनं दिसली की समजावं, कुणीतरी अंदाजानं आकडा गोल केलाय. म्हणून तराजू शून्यावर आहे का ते बघायचं आणि वजन ग्रॅमपर्यंत लिहायचं.

तिसरी अडचण अशी की मिशरीवाल्या बायका आणि बाकीच्या बायका इतर बाबतींत सारख्या नसतात. वय, रक्तातलं हिमोग्लोबिन, कितवं बाळंतपण, जड काम, हेही पहिल्याच दिवशी लिहायचं आणि सारख्या बायकांची तुलना सारख्यांशी करायची.

आणि एक मर्यादा आत्ताच सांगून ठेवते. मघाच्या उदाहरणात मिशरीवाल्या 50 जणींत बाकीच्यांच्या हिशेबानं 9 बारीक बाळं झाली असती, झाली 15. सहा बाळांचा फरक योगायोगानंही पडू शकतो. म्हणून नोंद दोन वर्षं करायची ठरली आहे. पहिल्या वर्षीचा आकडा कुणी निकाल म्हणून सांगू नये.

यात कुणाला मिशरी लावू देऊन नुसतं बघत बसायचं नाही. प्रत्येकीला पहिल्याच भेटीत सांगायचं की मिशरी सोडा. कुणी सोडली तर कितव्या महिन्यात, ते लिहायचं. नाव नोंदवायचं की नाही, हे तिनंच ठरवायचं.

मावशींनी विचारलं, "मग माझी पाच पोरं मोजणार का?" म्हटलं, "मावशी, तुमची नाही मोजता येणार. त्यांची वजनं कुठं लिहिलेली आहेत? पण तुमच्या नातसुनेचं नाव परवाच नोंदवलंय. तिचं बाळ मोजू."