डिस्चार्जचं घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

डॉक्टरांनी सकाळच्या राउंडला ‘आज घरी जायला हरकत नाही’ म्हटलं की नातेवाईक पिशव्या भरायला घेतात. पेशंटचा कॅशलेस विमा असेल, तर त्या पिशव्या बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत पलंगाखालीच राहतात. मधल्या वेळात काउंटरवर चकरा होतात आणि ‘फाइल अजून खाली आलेली नाही’, ‘टीपीएचं अप्रूव्हल यायचंय’ हीच उत्तरं मिळतात. हा उशीर रुग्णालयालाही नको असतो, कारण तोच बेड कॅज्युअल्टीत ताटकळलेल्या दुसऱ्या पेशंटला हवा असतो. त्यामुळे ‘डिस्चार्जचा वेळ कमी करा’ हा रुग्णालयांतल्या सुधारणेचा नेहमीचा विषय आहे.

असं काम हाती आलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी फळ्याजवळ जाऊन फ्लोचार्ट काढायला लागतं. चौकोन वाढतात, बाण एकमेकांना छेदतात. ‘विमा आहे का?’, ‘रिपोर्ट बाकी आहे का?’ असे फाटे फुटतात आणि तासाभराने फळा भरतो. तोपर्यंत नेमकं काय सुधारायचं आहे, यावर मात्र कुणाचं एकमत झालेलं नसतं. ते आधी करून घेण्यासाठी एक साधा तक्ता वापरतात. त्याचं नाव सायपॉक. एका पानावर पाच रकाने: पुरवठादार, त्यांच्याकडून येणाऱ्या गोष्टी, प्रक्रिया, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गोष्टी आणि त्या घेणारे ग्राहक.

कल्पना जुनी आहे. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 मध्ये जपानी उद्योजकांपुढे उत्पादनाचं जे चित्र मांडलं, त्यातही एका टोकाला पुरवठादार आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक होता. पुढे मोटोरोलात 1986 मध्ये सुरू झालेली सिक्स सिग्माची पद्धत जगभर पसरली. तिच्या पहिल्याच टप्प्यात, म्हणजे प्रश्नाची व्याख्या करताना, हा तक्ता भरण्याची रीत पडली.

तक्ता वाचायचा डावीकडून उजवीकडे, पण भरायचा मधून. आधी प्रक्रिया लिहायची, तीही पाच ते सात पायऱ्यांत: डिस्चार्जचा आदेश, समरी तयार होणं, औषधांचा हिशेब, अंतिम बिल, विम्याची मंजुरी, कागद आणि औषधं समजावून सांगणं, पेशंट वॉर्डाबाहेर पडणं. फाटे नाहीत, जर-तर नाही. यादी बारावर गेली किंवा एखाद्या पायरीपुढे प्रश्नचिन्ह आलं, तर टीम पुन्हा फ्लोचार्टकडे घसरली आहे असं समजावं.

खरा वाद पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर होतो, आणि तो इथेच व्हायला हवा. समजा, डॉक्टरांनी साडेनऊला आदेश दिला. निवासी डॉक्टर बाकीचे पेशंट पाहून मोकळे झाले आणि समरी साडेअकराला झाली. फाइल साडेबाराला बिलिंगला पोचली. तिथून बिल आणि कागद दीड वाजता विमा कंपनीकडे गेले, मंजुरी चारला आली आणि पेशंट पाचला बाहेर पडला. आता प्रत्येकाचं घड्याळ बघा. बिलिंग म्हणतं, आमच्याकडे फाइल एकच तास होती. विमा नियामक संस्थेच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. विमा कंपनीला लागले अडीच, म्हणजे तीही नियमात बसली. घरच्यांच्या घड्याळात मात्र साडेसात तास गेलेले असतात. यात कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाची सुरुवात वेगळी आहे, एवढंच.

म्हणून तक्त्याच्या माथ्यावरच दोन ओळी लिहाव्यात. सुरुवात: डॉक्टरांनी केस पेपरवर आदेश लिहिला ती वेळ. शेवट: पेशंटने बेड सोडला ती वेळ. बेडची सफाई या कामात येणार नाही, हेही तिथेच लिहावं. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात चर्चा चादरी आणि हाऊसकीपिंगच्या पाळ्यांवर जाते आणि प्रकल्प हातातून सुटतो.

यानंतर उजवीकडचे रकाने. बाहेर काय पडतं? सही झालेली समरी, अंतिम बिल, घरी न्यायची औषधं, रिकामा बेड. इथे कुणी ‘रुग्णाचं समाधान’ लिहिलं तर ते खोडावं. हातात देता येईल किंवा दाखवता येईल अशीच गोष्ट या रकान्यात शोभते. ग्राहकांत पेशंट तर येतोच, पण समरी वाचणारे फॅमिली डॉक्टर येतात, बिल तपासणारा टीपीए येतो आणि रिकामा बेड ताब्यात घेणारं हाऊसकीपिंगही येतं. सफाई प्रकल्पाबाहेर असली तरी बेड रिकामा झाल्याचा निरोप त्यांना वेळेवर मिळणं प्रकल्पाच्या आत आहे. फॅमिली डॉक्टरांचं नाव तर बहुतेक टीमना सुचतच नाही. ते या रकान्यात आलं की समरीतल्या औषधांच्या डोसाकडे सगळे वेगळ्या नजरेने बघतात.

शेवटी डावी बाजू. माझ्या मते तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो, कारण उशिराचं मूळ बहुधा इथेच सापडतं. एकच ओळ जवळून पाहू: न वापरलेली औषधं. वॉर्डात पेशंटच्या नावावर आलेल्या सलाइनच्या बाटल्या आणि इंजेक्शनं उरलेली असतात. सिस्टर ती मोजतात, रिटर्नची स्लिप करतात, वॉर्डबॉय मामा ती घेऊन फार्मसीत जातात. फार्मसीने ती जमा करून घेतल्याशिवाय बिल बंद होत नाही. म्हणजे अंतिम बिलाचे पुरवठादार सिस्टर आणि फार्मसी आहेत. पण बैठकीला बिलिंगचे चार जण येतात आणि फार्मसीला कुणी बोलावलेलंच नसतं. पुरवठादाराच्या रकान्यातलं नाव बैठकीच्या खोलीत नसेल, तर बैठक तिथेच थांबवून त्याला बोलवावं.

नुसतं ‘फाइल’ असं लिहूनही भागत नाही. कोणत्या अवस्थेतली फाइल चालेल, ते शेजारी लिहावं लागतं: समरीवर सही, सगळे तपासणी अहवाल जोडलेले, स्टेंट किंवा दुसरं इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचा स्टिकर आणि बिल. टीपीएकडून उलट प्रश्न येतो तो बऱ्याचदा यांतलाच एखादा कागद नसल्यामुळे. ही अट घेणाऱ्याने सांगायची आणि देणाऱ्याने ती पाळता येईल का ते सांगायचं, एवढ्यासाठी दोघं समोरासमोर हवेत.

या तक्त्याकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. फाइल कोणत्या टेबलावर किती वेळ पडून राहते, कोणतं काम दुसऱ्याच्या आधी सुरू करता येईल, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी फ्लोचार्ट लागतोच, पण आता तो सात पायऱ्यांचा काढायची गरज नाही. वरच्या उदाहरणात आदेशापासून फाइल बिलिंगला पोचेपर्यंत तीन तास गेले. तेवढ्याच तुकड्याचा तपशीलवार चार्ट काढावा, कॅशलेस पेशंटपुरता. रोख पैसे भरणाऱ्यांचा रस्ता वेगळा असतो. तो याच चार्टमध्ये कोंबला की फाटे पुन्हा सुरू होतात. आणि चार्ट काढताना पुरवठादाराच्या रकान्यात नसलेलं एखादं नाव पुढे आलं, उदाहरणार्थ ऑपरेशन थिएटरचं स्टोअर, तर आधी तक्त्यात त्याची ओळ वाढवावी, त्यांच्या माणसाला बोलवावं आणि मगच चार्टचा पुढचा चौकोन काढावा.