परदेशी पाकीट वाचताना: ठळक अक्षरं, कंस आणि ‘असू शकतो’

जर्मनीत नोकरीला किंवा शिकायला गेलेलं घरचं कुणी सुट्टीवर आलं, की बॅगेतून चॉकलेटं, वेफर आणि बिस्किटांचे पुडे निघतात. दुकानात रीतसर आयात होऊन विकल्या जाणाऱ्या मालावर भारतीय नियमानुसार इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत मजकूर असावा लागतो. बॅगेतून आलेल्या पुड्यावर मात्र जे मुळात छापलंय तेवढंच असतं, बहुतेकदा जर्मन. मग कुणीतरी मोबाइलनं मागच्या बाजूचा फोटो काढतं आणि भाषांतराच्या ॲपमधून त्याचा अर्थ काढतं. गोड आहे की खारट, एवढंच कळायला हवं असेल तर हे पुरतं. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र फोटो काढण्यापासूनच वेगळी काळजी घ्यावी लागते.

युरोपियन युनियनमध्ये १३ डिसेंबर २०१४ पासून लागू असलेल्या नियमामुळे आपलं काम बरंच सोपं झालं आहे. या नियमात ॲलर्जी निर्माण करणाऱ्या चौदा पदार्थगटांची यादी आहे: गहू-सातूसारखी ग्लुटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, बदाम-अक्रोडासारखा कवचाचा सुकामेवा, सेलेरी, मोहरी, तीळ, सल्फाइट, लुपिन नावाचं कडधान्य आणि शिंपले-माकूळ वगैरे. यातलं काहीही पदार्थात घातलं असेल, तर घटकयादीत ते नाव बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळं उठून दिसलं पाहिजे. बहुतेक कंपन्या ते ठळक अक्षरांत छापतात. म्हणजे ज्याला जर्मनचा गंधही नाही, त्यालाही कोणत्या शब्दांकडे आधी बघायचं हे पाकीटच सांगतं.

पण ॲप फोटोवरच्या मजकुराच्या जागी मराठी अक्षरं बसवतं तेव्हा नेमका हा ठळकपणा पुसला जातो. सगळे शब्द एकाच जाडीचे दिसू लागतात. म्हणून भाषांतर वाचताना मूळ फोटो शेजारी उघडा ठेवावा, त्यातले ठळक शब्द एकेक करून कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा शोधावा. चॉकलेटाच्या यादीत असे शब्द चार-सहाच असतात.

या पुड्यांवर नेहमी आढळणाऱ्या मजकुराचा एक नमुना घेऊ. दुधाच्या चॉकलेटावर साधारण अशी यादी असते: साखर, कोकोचं लोणी, कोकोचा लगदा, साय काढलेल्या दुधाची भुकटी, शुद्ध लोण्याची चरबी, गोड निवळीची भुकटी, हेझलनट, एमल्सिफायर: लेसिथिन (सोया), स्वाद. शेवटी एक वेगळं वाक्य: शेंगदाणे, कवचाचा इतर सुकामेवा आणि गहू यांचे अंश असू शकतात.

घटकांचा क्रम वजनानुसार असतो, सर्वांत जास्त ते आधी. त्यामुळे या पदार्थात साखर सगळ्यांत जास्त आहे, हे पहिल्याच शब्दावरून कळतं. दूध मात्र एका नावानं आलेलं नाही, ते तीन जागी आहे. दुधाची भुकटी ओळखू येते. ‘शुद्ध लोण्याची चरबी’ म्हणजे जर्मनमधलं ‘बुटरराइनफेट’. हे जवळपास आपलं तूपच, आणि त्यातही दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो. ‘गोड निवळी’ म्हणजे ‘झ्यूसमोल्के’. दुधाचं चीज करताना जे पाणी सुटतं त्याची ही भुकटी, आणि तीत दुधाची प्रथिनं भरपूर असतात. ॲपनं या शब्दाचा ‘गोड सत्त्व’ असा काहीतरी अर्थ दिला, तर दुधाची ॲलर्जी असलेल्या घरात कुणाला शंकाही येणार नाही.

इथेच आणखी एक गल्लत होते. ‘लॅक्टोजमुक्त’ लिहिलेला पदार्थ दूधमुक्त नसतो. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे, ती पचत नसेल त्यांच्यासाठी तो पदार्थ असतो. दुधाची ॲलर्जी दुधाच्या प्रथिनांची असते आणि ती प्रथिनं लॅक्टोजमुक्त दुधातही तशीच असतात. त्याचप्रमाणे ‘व्हीगन’ या शिक्क्याचा अर्थ प्राणिजन्य घटक घातलेले नाहीत एवढाच आहे. त्याच यंत्रावर आधी दुधाचं चॉकलेट तयार झालं असेल, तर व्हीगन चॉकलेटच्या पुड्यावरही ‘दुधाचे अंश असू शकतात’ असं वाक्य छापलेलं असतं.

आता आकड्यांकडे वळू. लेसिथिनच्या जागी कंपनी E322 एवढंच छापू शकते, कारण युरोपात पदार्थाचं काम सांगून पुढे नाव किंवा क्रमांक, कोणतंही एक दिलेलं चालतं. भारतीय बिस्किटांच्या पुड्यावर दिसणारा INS 322 हा तोच पदार्थ. ‘ई’च्या जागी ‘आयएनएस’ धरलं की बहुतेक क्रमांक जुळतात, त्यामुळे अर्थ शोधणं अवघड नाही. पण क्रमांक पदार्थाचं नाव सांगतो, तो कशापासून काढला हे सांगत नाही. लेसिथिन सोयाबीनपासून निघतं, सूर्यफुलापासून निघतं आणि अंड्यापासूनही. म्हणून क्रमांकाच्या पुढचा कंस वाचायचाच. मूळ स्रोत त्या चौदा गटांपैकी असेल तर त्याचं नाव तिथे द्यावंच लागतं. कठीण चीजमध्ये वापरलं जाणारं E1105 म्हणजे लायसोझाइम हे अंड्याच्या पांढऱ्यापासून काढतात. चीज घेताना अंड्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही, म्हणूनच ‘अंड्यापासून’ हा तिथला ठळक शब्द महत्त्वाचा ठरतो. सुक्या जर्दाळूंवर दिसणारे E220 ते E228 हे क्रमांक सल्फाइटचे. दमा असलेल्या काही जणांना त्यांचा त्रास होतो.

शाकाहारी घरांसाठी मात्र कंस पुरेसा पडत नाही. E471 हे स्निग्ध पदार्थांपासून बनवलेलं मिश्रण वनस्पतीच्या तेलापासून होतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, आणि हा स्रोत सांगण्याचं बंधन तिथे नाही. भारतातल्या पाकिटावरची हिरव्या ठिपक्याची खूणही तिथे सक्तीची नाही. अशा क्रमांकाबद्दल पाकीट गप्प असेल, तर भाषांतर कितीही अचूक झालं तरी उत्तर मिळणार नाही. ते कंपनीलाच विचारावं लागतं. E120 हा लाल रंग किड्यांपासून आणि E904 हा चकाकीचा लेप लाखेपासून मिळतो. या दोघांबद्दल मात्र शंकेला जागा नाही.

सगळ्यांत जास्त चुका शेवटच्या वाक्यात होतात. जर्मनमध्ये शेंगदाण्याला ‘एर्डनुस’ म्हणतात, त्यातल्या ‘एर्ड’चा अर्थ जमीन. पाकिटाची जागा अरुंद असते, म्हणून हा शब्द ओळीच्या शेवटी तुटतो: ‘एर्ड’ एका ओळीत, ‘नुस’ पुढच्या ओळीत. ॲप दोन तुकडे वेगळे वाचतं, जमिनीचा अर्थ हरवतो आणि हाती राहतो नुसता ‘नट्स’. त्याचं मराठीत ‘सुकामेवा’ झालं की शेंगदाणा पूर्णपणे नाहीसा होतो, कारण आपण शेंगदाण्याला सुकामेवा म्हणतच नाही. उलट ‘शालेनफ्र्यूश्टे’ या शब्दाचा शब्दशः अर्थ कवचाची फळं. तेवढाच अर्थ समोर आला तर कुणालाही नारळ किंवा फणस आठवेल. नियमात त्याचा अर्थ बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पेकान, ब्राझील नट, पिस्ता आणि मॅकाडेमिया हे आठ असा नेमका आहे, आणि शेंगदाणा त्यात नाही. म्हणून या वाक्याचा फोटो काढताना पाकीट सपाट करून, चकाकी टाळून, ओळी पूर्ण येतील असा काढावा, आणि ओळीच्या टोकाला छोटी रेघ दिसली तर दोन्ही तुकडे जोडून पुन्हा शोधावेत.

‘असू शकतात’ या शब्दांचं वजनही समजून घ्यायला हवं. हे घटक पदार्थात मुद्दाम घातलेले नाहीत. कारखान्यात, यंत्रावर किंवा वाहतुकीत मिसळण्याची शक्यता आहे, एवढं कंपनी सांगते. हा इशारा युरोपात सक्तीचा नाही आणि ‘अंश’ म्हणजे किती, हेही तो सांगत नाही. ‘अंश असू शकतात’ आणि ‘शेंगदाणे हाताळणाऱ्या कारखान्यात तयार’ या दोन वाक्यांपैकी दुसरं सौम्य वाटतं, पण धोका कमी-जास्त दाखवण्यासाठी नियमानं ठरवलेल्या या पायऱ्या नव्हेत. इशारा नसलेलं पाकीट सुरक्षितच, असंही धरता येत नाही. वरच्या नमुन्यात शेंगदाणा घटकयादीत नाही, तरी तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला ते चॉकलेट द्यायचं नाही, हाच त्या वाक्याचा अर्थ.

ठळक अक्षरांवर पूर्ण भिस्त ठेवू नये असं आणखी एक कारण आहे. काहींना हरभऱ्याची ॲलर्जी असते, पण हरभरा त्या चौदा गटांत नाही. बेसनाची कुरकुरीत चकती किंवा हमसचा डबा युरोपातून आला, तर हरभरा यादीत साध्या अक्षरांत असेल. आपल्या माणसाची ॲलर्जी चौदांबाहेरची असेल, तर यादी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचण्यावाचून गत्यंतर नाही. तोच ब्रँड दुसऱ्या देशात वेगळ्या घटकांनी बनू शकतो, म्हणून भारतात मिळणाऱ्या पुड्याची यादी किंवा इंटरनेटवर सापडलेली यादी हातातल्या पुड्याला लावू नये.

परदेशातून खाऊ आणणाऱ्यांना एक विनंती आहे. मोठ्या पिशवीतल्या छोट्या चॉकलेटांवर बहुतेकदा पूर्ण यादी नसते, ती बाहेरच्या वेष्टनावर असते. ते वेष्टन तिथेच फेकून देऊ नका, जमल्यास त्याच्या चारही बाजूंचे फोटो आधी पाठवा. आणि घरच्यांनी एवढं पक्कं करावं: फोटोतला एकही शब्द धूसर असेल, तुटलेला असेल किंवा त्याचा अर्थ लागत नसेल, तर तो पुडा ॲलर्जी असलेल्या माणसाच्या हाती देऊ नये. भाषांतरात धोका दिसला की पदार्थ बाजूला ठेवायला तेवढं पुरे. तो सुरक्षित आहे असं म्हणण्यासाठी मात्र मूळ यादीतला प्रत्येक शब्द समजलेला हवा.