स्लाइडमधला फोटो स्लाइडमध्येच सुधारताना

समजा, गावातल्या वाचनालयाच्या वार्षिक सभेसाठी पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण करायचं आहे. पहिल्या स्लाइडवर गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा फोटो पूर्ण पसरवायचा आणि त्यावर वाचनालयाचं नाव व सभेची तारीख घालायची. फोटो टाकला की तीन अडचणी दिसतात. सभागृहात पिवळे दिवे होते, त्यामुळे चेहरे आणि पांढरे सदरे नारिंगी झाले आहेत. मागच्या रांगा अंधारात गेल्या आहेत. आणि पाठीमागे पुस्तकांची कपाटं असल्याने त्यांच्यावर लिहिलेलं नाव वाचता येत नाही. अशा वेळी बरेच जण फोटो सुधारण्याचं वेगळं सॉफ्टवेअर शोधू लागतात. त्याची गरज नाही. ही तिन्ही कामं स्लाइडवरच होतात.

फोटोवर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत Picture Format हा टॅब उघडतो. फोटो निवडलेला नसेल तर तो टॅब दिसतच नाही, आणि अनेकांची शोधाशोध इथेच थांबते. या टॅबच्या डाव्या बाजूला Corrections, Color आणि Transparency ही बटणं आहेत. माझ्या मते सुरुवात रंगापासून करावी. नारिंगी झाक तशीच ठेवून उजेड वाढवला तर ती झाकच भडक होते आणि उजेड किती हवा होता याचा अंदाज चुकतो.

Color दाबल्यावर Color Tone या ओळीत फोटोच्या लहान प्रतिमा दिसतात, निळसरपासून नारिंगीपर्यंत. प्रत्येकीवर माउस नेला की केल्विनमधला आकडा दिसतो. मूळ फोटो 6500 वर धरलेला असतो. इथे भौतिकशास्त्र शिकलेला माणूसही गोंधळतो. पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण 2700 केल्विनचा आणि निळ्या आकाशाचा 10000 च्या आसपासचा, म्हणजे आकडा कमी असेल तर प्रकाश पिवळा. पॉवरपॉइंटमध्ये मात्र आकडा कमी केला की फोटो निळसर होतो. याचं कारण असं की हा आकडा फोटो कोणत्या प्रकाशात काढला ते सांगतो. ‘दिवे पिवळे होते’ असं सांगितलं की तो पिवळेपणा मारण्यासाठी निळा रंग मिसळला जातो. आपल्या फोटोसाठी 5300 किंवा 4700 निवडून पाहावं. चेहऱ्यांकडे पाहून ठरवू नये, कारण त्वचेचा रंग माणसागणिक वेगळा असतो. पांढऱ्या सदऱ्याकडे किंवा टेबलावरच्या कागदाकडे पाहावं. तो पांढरा दिसू लागला की थांबावं. निळा दिसू लागला तर एक पायरी मागे यावं.

मग Corrections. इथल्या तयार नमुन्यांत उजेड आणि काँट्रास्ट 20 टक्क्यांच्या पायऱ्यांनी बदलतात, आणि ही उडी बहुतेक फोटोंना मोठी पडते. म्हणून त्याच यादीच्या तळाशी असलेलं Picture Corrections Options दाबावं. उजवीकडे उघडणाऱ्या पट्टीत Brightness आणि Contrast चे आकडे हाताने टाकता येतात. आपल्या फोटोला Brightness 10 ते 15 पुरेल, सोबत Contrast थोडा. पुढच्या रांगेतल्या सदऱ्यावरच्या चुण्या आणि बटणपट्टी दिसेनाशी झाली तर उजेड जास्त झाला असं समजावं. इथली मर्यादाही ध्यानात ठेवावी, ती अशी की हे बदल संपूर्ण फोटोवर होतात. फक्त मागची अंधारी रांग उजळायची असेल तर हे साधन कामाचं नाही.

आता पारदर्शकता. Transparency वाढवली की फोटो ‘फिका’ होतो असं सर्रास म्हटलं जातं, पण तसं होत नाही. फोटोच्या मागे जे असेल ते त्यातून दिसू लागतं. मागे पांढरी स्लाइड असेल तर फोटो फिका दिसतो. गडद निळी असेल तर तोच फोटो काळवंडतो. म्हणून हे बटण दाबण्याआधी स्लाइडचा पार्श्वरंग कोणता ठेवायचा ते ठरवावं. पांढऱ्या स्लाइडवर काळी अक्षरं असतील तर 65 टक्क्यांपासून सुरुवात करावी.

मराठी मजकुरासाठी हा आकडा जरा पुढेच न्यावा लागतो. आपली शिरोरेषा आडवी असते, आणि फोटोत कपाटाचे आडवे फळे असले की ती त्यांच्यात मिसळून जाते. पुस्तकाच्या कण्यावरच्या एखाद्या ठिपक्याशेजारी अनुस्वार हरवतो. स्लाइड पडद्यावर दाखवून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचून पाहावी. मात्रा आणि अनुस्वार अडखळल्याशिवाय वाचता आले तर पुरे. प्रोजेक्टरवर, खोलीत उजेड असताना, हा फरक लॅपटॉपपेक्षा जास्त जाणवतो.

फोटोतली माणसं ओळखू यावीत अशी इच्छा असेल तर मी फोटोला हात लावणार नाही. फोटो आणि मजकूर यांच्यामध्ये काळा आयत ठेवावा, त्याची बाह्यरेषा काढून टाकावी, त्याच्या रंगाची पारदर्शकता 40 टक्के करावी आणि अक्षरं पांढरी करावीत. आयत नावापुरताच असला की बाकी फोटो स्वच्छ राहतो. जुन्या आवृत्त्यांत फोटोसाठी Transparency चं बटण नाही. तिथेही ही युक्ती चालते.

या सगळ्यात मूळ फोटोला धक्का लागत नाही. सादरीकरणाची फाइल ही खरं तर झिप फाइल असते. तिची प्रत काढून नावाच्या शेवटी .pptx च्या जागी .zip लिहिलं की आत डोकावता येतं. स्लाइडच्या मजकुरात आपला बदल एका ओळीत सापडतो:

```xml
<a:alphaModFix amt="30000"/>
```

इथे 100000 म्हणजे पूर्ण अपारदर्शक, म्हणून 30000 म्हणजे 70 टक्के पारदर्शक. फोटो जसाच्या तसा ppt/media या फोल्डरमध्ये पडून असतो, आणि ही ओळ तो कसा दाखवायचा तेवढंच सांगते. म्हणूनच Reset Picture दाबलं की कितीही दिवसांनी मूळ फोटो परत येतो. रंग आणि उजेड बदलल्यावर मात्र .wdp नावाची मूळ प्रत आणि बदललेलं चित्र अशी दोन्ही साठवली जातात. मोठे फोटो असलेली फाइल अचानक जड होते त्याचं हे एक कारण.

याची दुसरी बाजू फाइल बाहेर पाठवताना महत्त्वाची ठरते. सभासदांच्या यादीचा फोटो अगदी काळा करून किंवा 95 टक्के पारदर्शक करून ‘लपवला’ तरी तो लपत नाही. फाइल मिळालेला कोणीही Reset Picture दाबून यादी वाचू शकतो. त्यासाठी फोटो कापावा (Ctrl+X), मग Ctrl+Alt+V दाबून उघडणाऱ्या यादीतून PNG निवडून परत चिकटवावा. आता दिसतं तेवढंच चित्र उरतं आणि त्यामागे मूळ फोटो नसतो. यात चित्राचा बारकावा कमी होऊ शकतो, म्हणून स्लाइडवर हवा तेवढा मोठा आकार आधी करून घ्यावा. यादीची अक्षरं त्या फिक्या चित्रातही लागत असतील तर ती पुसली गेलेली नाहीत, असा फोटो स्लाइडवरून काढूनच टाकावा.