दोन ठिपके, बारा तालुके: बारामती आलेखात कुठे हरवते?

सोमेश्वरनगरात बसून पुणे जिल्ह्याच्या १४ तालुक्यांचा आलेख मोबाइलवर उघडला, तर बहुतेक वेळा आपला बारामती तालुका त्यात सापडत नाही. तो असतो, पण इंदापूर, दौंड, शिरूर, जुन्नर, मावळ आणि खेड यांच्याखाली दबलेला असतो. डाव्या कोपऱ्यात शाईचा एक डाग दिसतो, उजवीकडे लांब दोन ठिपके दिसतात आणि मध्ये सगळे कोरे. असा आलेख काढणाऱ्याने आकडे चुकवलेले नसतात. तरीही तो आलेख काहीच सांगत नाही.

ज्याला स्कॅटर प्लॉट म्हणतात, त्यात एका तालुक्याला एक ठिपका मिळतो. आडव्या अक्षावर लोकसंख्या घेऊ आणि उभ्या अक्षावर दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण. २०११च्या जनगणनेत हे प्रमाण पुणे जिल्ह्यात ९१५ होते आणि राज्यात ९२९. त्यामुळे ‘जिथे वस्ती दाट, तिथे हे प्रमाण कमी असते का’ हा प्रश्न कोणालाही पडावा. उभ्या अक्षाचा येथे फारसा त्रास नाही, कारण तिथले आकडे एकमेकांच्या जवळपास असतात. सगळा घोटाळा आडव्या अक्षावर आहे.

मिलिमीटरचा हिशेब

२०११च्या जनगणनेत पुणे शहर तालुक्याची लोकसंख्या ३३,०४,८८८ होती आणि हवेलीची २४,३५,५८१. त्यांच्यानंतर तिसरा क्रमांक खेडचा, ४,५०,११६. बारामती ४,२९,६०० आणि इंदापूर ३,८३,१८३. सर्वात लहान वेल्हे, ५४,५१६. म्हणजे साडेचार लाखांपासून सव्वाचोवीस लाखांपर्यंत एकही तालुका नाही.

आता मोबाइलच्या पडद्यावर आलेखाला साधारण सहा सेंटिमीटर रुंदी मिळते असे धरू. अक्ष शून्यापासून ३५ लाखांपर्यंत असेल, तर एका लाखाला पावणेदोन मिलिमीटरही मिळत नाहीत. बारा तालुके पहिल्या आठ मिलिमीटरमध्ये कोंबले जातात. त्यानंतर ३४ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त चित्र रिकामे, मग हवेली आणि टोकाला पुणे शहर. मावळ, दौंड, इंदापूर, शिरूर, जुन्नर, बारामती आणि खेड या सात तालुक्यांच्या वाट्याला मिळून सव्वा मिलिमीटर येतो. मोबाइलवर नीट दिसणारा एक ठिपकाच दीड-दोन मिलिमीटरचा असतो, त्यामुळे सात तालुके एका ठिपक्यात मावतात.

या सव्वा मिलिमीटरमध्ये किती माणसे दडली आहेत? खेड आणि मावळ यांच्यातला फरक ७२,५५७ आहे. अख्ख्या वेल्हे तालुक्याच्या लोकसंख्येपेक्षा तो जास्त आहे.

आधी ठिपका खरा आहे का ते बघा

कळपाबाहेर पळालेला ठिपका, म्हणजे आउटलायर, दिसला की पहिला संशय टायपिंगचा घ्यावा. बारामतीपुढे एक शून्य जास्त पडले, तर ती पुणे शहराच्याही पुढे जाऊन बसेल. यावर सोपा उपाय म्हणजे बेरीज. चौदाही तालुक्यांची बेरीज ९४,२९,४०८ यायला हवी, कारण जिल्ह्याची लोकसंख्या तेवढी आहे. शून्य जास्त पडले असेल, तर बेरीज ३८,६६,४०० ने वाढलेली दिसेल. या फरकाला नऊने भागा, ४,२९,६०० मिळतात आणि चूक कुठल्या तालुक्यात आहे ते कळते. जुने हिशेबनीस ही युक्ती वहीवर वापरत, ती एक्सेलमध्येही तितकीच चालते.

आपल्या आकड्यांची बेरीज जुळते, त्यामुळे दोन्ही ठिपके खरे आहेत. हवेली एवढी मोठी दिसते याचे कारणही उघड आहे. सतरा लाखांहून अधिक वस्तीचे पिंपरी-चिंचवड शहर त्याच तालुक्यात मोजले गेले आहे. खरे ठिपके खोडता येत नाहीत, ते कसे दाखवायचे एवढेच आपल्या हातात उरते.

लॉग स्केल: अर्धा उपाय

अशा वेळी जाणकार माणूस पटकन सांगतो, ‘लॉग स्केल लाव.’ या मापात सारख्या अंतराचा अर्थ सारखी वाढ असा नसतो, सारखी पट असा असतो. अक्षावर ५० हजार, १ लाख, २ लाख, ४ लाख, ८ लाख अशा खुणा समान अंतरावर येतात. दर दुपटीला आपल्या सहा सेंटिमीटरमधले साडेनऊ मिलिमीटर मिळतात, जर अक्ष ५० हजारांपासून ४० लाखांपर्यंत घेतला तर.

चित्र एकदम सुटसुटीत दिसते. वेल्हे आणि मुळशी (१,७१,००६) यांच्यात आधी दोन मिलिमीटर होते, आता जवळपास सोळा होतात. पण बारामती आणि इंदापूर? आधी त्यांच्यात पाऊण मिलिमीटरच्या आसपास अंतर होते, आता दीड मिलिमीटरच्या थोडे वर. दुप्पट झाले खरे, तरी ठिपके एकमेकांवर चढलेलेच. मधले सात तालुके मिळून अडीच मिलिमीटरच्या आतच राहतात.

कारण साधे आहे. लॉग स्केल पटीतला फरक पसरवते आणि बारामती इंदापूरच्या फक्त १.१२ पट आहे. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या पायऱ्यांवर विखुरलेले असतील, तेव्हा लॉगचा खरा उपयोग होतो. महाराष्ट्रातली शहरे घ्या. बारामती शहर ५४ हजार, कोल्हापूर साडेपाच लाख, सोलापूर साडेनऊ लाख, नाशिक जवळपास पंधरा लाख, पुणे एकतीस लाख, मुंबई सव्वा कोटी. तिथे लॉगशिवाय गत्यंतर नाही. आपल्या चौदा तालुक्यांत मात्र एक गर्दी आहे आणि दूर दोन बंगले. गर्दी फोडायला लॉग कमी पडते.

शिवाय लॉग स्केल मोठे फरक गुपचूप गिळते. हवेली आणि पुणे शहर यांच्यात ८,६९,३०७ माणसांचा फरक आहे, म्हणजे दोन बारामती तालुके आणि वर दहा हजार. लॉगच्या चित्रात त्याला चार मिलिमीटर मिळतात. वेल्हे-मुळशीमधल्या १,१६,४९० माणसांना मात्र सोळा. २०२० मध्ये करोनाचे आलेख लॉगवर छापले गेले, तेव्हा ‘वाढ मंदावली’ असे वाटणाऱ्या वाचकांची फसगत याच जागी होत होती. सामान्य वाचकासाठी लॉगचा आलेख छापायचा, तर अक्षावरच्या खुणा ‘दर घराला दुप्पट’ अशा शब्दांत सांगाव्यात. १०^५, १०^६ असे लिहिणे म्हणजे बहुतेकांना दारातूनच परत पाठवणे. आणखी एक अडचण म्हणजे लॉगच्या अक्षावर शून्याला जागाच नसते. त्यामुळे शून्य नोंद असलेली गावे चित्रातून न सांगता गायब होतात.

अक्ष कापला तर

दुसरा मार्ग म्हणजे अक्ष ५ लाखांवर कापायचा. आता एका लाखाला बारा मिलिमीटर मिळतात. बारामती-इंदापूर अंतर साडेपाच मिलिमीटर होते आणि सात तालुके पावणेनऊ मिलिमीटरमध्ये पसरतात. आपल्याला हवे ते याच चित्रात दिसते.

याची किंमतही मोजून घ्या. बाहेर राहिलेल्या दोन तालुक्यांत जिल्ह्यातली १०० पैकी ६१ माणसे राहतात. ‘पुणे जिल्ह्याचे चित्र’ असा मथळा देऊन हा आलेख छापणे सरळ सरळ खोटे ठरेल. म्हणून हे दोन ठिपके उजव्या कडेवर, आपापल्या उंचीवर, बाणाच्या खुणेने ठेवायचे आणि शेजारी खरा आकडा लिहायचा: ‘हवेली २४.४ लाख →’, ‘पुणे शहर ३३.० लाख →’. खूण वेगळी हवी. साधाच ठिपका कडेवर ठेवला, तर वाचक हवेलीची लोकसंख्या पाच लाख समजेल.

कापण्यातला दुसरा सापळा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तो जास्त घातक आहे. आलेखात कल दाखवणारी सरळ रेषा असेल, तर तिचा उतार ठरवण्यातले सुमारे ८५ टक्के वजन या दोन ठिपक्यांकडे आहे, कारण सरासरीपासून जो ठिपका जितका दूर, तितका तो रेषेला जोरात ओढतो. बारा ग्रामीण तालुके काहीही सांगोत, रेषा हवेली आणि पुणे शहराचेच ऐकणार. आर भाषेच्या ggplot2 मध्ये अक्ष कापायचे दोन मार्ग आहेत. दिसायला ते सारखेच वाटतात, पण तसे नाहीत:

```
p + geom_smooth(method = "lm") + xlim(0, 500000)
p + geom_smooth(method = "lm") + coord_cartesian(xlim = c(0, 500000))
```

पहिल्या ओळीत दोन तालुके आधी फेकले जातात आणि मग रेषा निघते. दुसऱ्या ओळीत रेषा चौदाही तालुक्यांवर निघते, फक्त खिडकी लहान होते. आकडे तेच, पण दोन वेगळे निष्कर्ष निघू शकतात. पहिल्या पद्धतीत दोन ओळी गाळल्याचा इशारा पडद्यावर येतो, पण घाईत तो वाचतो कोण? रेषा किती तालुक्यांवरून काढली, हे आलेखाखाली लिहिलेले नसेल, तर त्या रेषेवर विसंबू नये.

चित्रात चित्र

तिसरा मार्ग इनसेटचा. मुख्य आलेख जसा आहे तसाच ठेवायचा आणि मधल्या कोऱ्या ३४ मिलिमीटरमध्ये एक छोटी चौकट बसवून तिच्यात ० ते ५ लाखांचा भाग मोठा करून दाखवायचा. पुणे शहर किती दूर आहे तेही दिसते आणि गर्दीही सुटते. मुख्य चित्रातल्या कोणत्या तुकड्याची ही मोठी प्रत आहे, हे दाखवणारी चौकट आणि दोन जोडरेषा मात्र हव्यातच. त्या नसतील, तर वाचकाला वाटते की एकाच आलेखात दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

छापील पानावर हा मार्ग देखणा आहे. मोबाइलवर तीच चौकट तीस मिलिमीटरची होते, बारामती-इंदापूर अंतर पावणेतीन मिलिमीटरवर येते आणि अक्षावरची अक्षरे चिमटीने मोठी केल्याशिवाय वाचता येत नाहीत. मोबाइलवर रुंदीची टंचाई असते, उंचीची नाही, कारण वाचक अंगठ्याने खाली सरकतोच. त्यामुळे माझी पसंती चौकट बाहेर काढण्याला आहे. वर चौदाही तालुक्यांचा साधा आलेख, डावीकडच्या गर्दीभोवती एक पुसट चौकोन, आणि लगेच खाली पूर्ण सहा सेंटिमीटर रुंदीचा ० ते ५ लाखांचा दुसरा आलेख. दोन्हींचा उभा अक्ष एकच ठेवायचा, नाहीतर खालच्या चित्रात ठिपके उगाच वर-खाली झालेले दिसतील. खालच्या आलेखाचा मथळा ‘पुणे शहर व हवेली वगळून १२ तालुके’. कलरेषा दोन्हीकडे स्वतंत्र काढायची आणि प्रत्येकीखाली तालुक्यांची संख्या, १४ किंवा १२, लिहायची. दोन रेषांचे उतार वेगळे आले, तर वरची रेषा गावांबद्दल नव्हे, शहरांबद्दल बोलत होती असे समजावे.