घरच्या उधारीला कागद कशाला?

दुकानासाठी मामाकडे पैसे मागायचे तर शब्द पुरे, पत्र लिहिणं म्हणजे अविश्वास दाखवणं, हा समज घराघरांत पक्का आहे. कायद्याचा हिशेब मात्र नात्यावर चालत नाही. फेडीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्या पैशांच्या वसुलीची मुदत, 1963च्या मुदत कायद्यानुसार, पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षं असते. ती संपण्याआधी भाच्याने ‘इतकी बाकी आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे कागदाचा आधार मामालाच जास्त, आणि तो आपणहून देणारा भाचा मामाचा अपमान करत नाही. घरातले पैसे रोखीनं घेतले तरी चालतात, हाही असाच समज. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेण्याची प्राप्तिकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेणाऱ्यालाच, कर्जाइतका होऊ शकतो. 19-19 हजारांचे तुकडे केले तरी सुटका नाही, कारण आधीची बाकी धरून बेरीज होते.

पत्रात मुख्य चूक होते ती ‘दुकान चाललं की देतो’ या वाक्यात. हे कर्ज नव्हे, तोट्यातली भागीदारी झाली, आणि तीही मामाला न विचारता. समजा, मुलुंडमध्ये स्टेशनरीचं दुकान काढायला 2,40,000 रुपये हवेत. पत्रात असं यावं : ‘ती. मामा, सा. न. पहिले सहा महिने हप्ता नाही, नंतर दरमहा 10,000 याप्रमाणे 24 हप्ते, खात्यावर. यातले एक लाख गाळ्याच्या डिपॉझिटचे आहेत. गाळा सोडला तर ते परत येतील, ते थेट तुम्हालाच.’ यापुढे हिशेब हवा. भाडं 20,000, वीज आणि पोरगा 15,000, हप्ता 10,000, आणि बहुतेक पत्रांत विसरला जाणारा आकडा, भाच्याचा स्वतःचा घरखर्च 15,000. एकूण 60,000. विक्रीवर सरासरी 20 टक्के सुटत असतील, तर महिन्याला तीन लाखांची विक्री हवी. पंचवीस दिवस दुकान उघडं धरलं, तर रोजचा गल्ला 12,000. हा आकडा मामाला तपासता येतो : जवळच्या तशाच दुकानासमोर संध्याकाळी तासभर उभं राहिलं, की गिऱ्हाइकं मोजता येतात. ‘धंदा जोरात चालेल’ हे वाक्य तपासायची सोय नसते.

व्याज लिहिलं तर मामा सावकार ठरेल, अशी भीती काहींना वाटते. महाराष्ट्राचा 2014चा सावकारी कायदा सावकारीचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. एकदा भाच्याला दिलेलं कर्ज, त्यावर माफक व्याज असलं तरी, धंदा होत नाही. फक्त ते व्याज मामाचं उत्पन्न धरलं जातं आणि त्याला ते विवरणपत्रात दाखवावं लागतं, म्हणून दर ठरवण्याआधी त्यालाच विचारावं.